उन्हाळी नव्हे

माणदेशात उन्हाळी लागणे ही कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. चैत्र-वैशाखात दहिवडी-म्हसवडच्या माळावर दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, लघवी थोडी आणि गडद होते, जळजळते. मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे घरगुती उपाय होतात आणि दोन-चार दिवसांत माणूस पूर्ववत होतो. हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्यामुळे लघवीला लाल रंग दिसला की तीही उन्हाळीच, असे आपण धरून चालतो. ही समजूत कुठे चुकते, हे आम्हांला आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या आजारपणात नीट कळले.

हे गृहस्थ माण तालुक्यातल्या एका वाडीचे. दुष्काळाने घराबाहेर काढलेल्या असंख्य सातारकरांप्रमाणे तेही तरुणपणी, १९७० च्या सुमारास, मुंबईच्या गिरणीत लागले. गिरणीत त्यांना रंगखाते मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बारा वर्षांची नोकरी मागे टाकून ते गावी परतले. पुढे शेती, मेंढरे आणि कामगारपणीच जडलेली विडी एवढाच त्यांचा संसार.

२०१८ च्या उन्हाळ्यात एके सकाळी त्यांना लघवी जास्वंदीच्या पाण्यासारखी लाल झाली. जळजळ नाही, कळ नाही, ताप नाही. सब्जा प्यायले, तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. पावसाळ्यात पुन्हा तसेच झाले आणि पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेस, माघात, रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी आमच्या कानावर घातले. आम्ही घरी गेलो तेव्हा ते अंगणात विडी ओढीत बसले होते. म्हणाले, ‘‘फादर, थांबलंय की आता. उन्हाळी हुती.’’ माघातली उन्हाळी! आम्ही त्यांना घेऊन सातारला मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेदनेचा. ‘‘दुखत नव्हते’’ हे उत्तर ऐकून त्यांची चिंता वाढली. आपला व्यवहार याच्या नेमका उलट असतो. दुखत नाही ते साधे, असे आपण मानतो. त्यांनी आम्हांला कारण समजावून सांगितले. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकतो, मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणले जाते आणि प्राणांतिक कळ येते. जंतुसंसर्गात मूत्राशयाचे अस्तर सुजते, म्हणून आग होते. परंतु मूत्राशयाच्या आतील अस्तरावर उगवलेली गाठ कशालाच अडवत नाही, ताणत नाही. ती पिशवीच्या पोकळीत शेवाळाच्या झुबक्यासारखी डुलत राहते. म्हणून ती दुखत नाही.

मग रक्त येते का, आणि थांबते का? त्या झुबक्यातील रक्तवाहिन्या अत्यंत नाजूक असतात. मूत्राशय भरताना आणि रिकामे होताना एखादी तुटते आणि लघवी लाल होते. एक लिटर लघवीत अवघे एक मिलिलिटर रक्त मिसळले तरी रंग डोळ्यांना दिसतो. म्हणजे रंगावरून रोगाचे मोजमाप होत नाही. थोड्या वेळाने तुटलेल्या जागी रक्त गोठते, नवी लघवी आतले रक्त धुऊन नेते आणि सारे निर्मळ दिसू लागते. गाठ मात्र जागच्या जागी वाढत असते. रक्त आपल्या आपण थांबते. श्रेय सब्ज्याला, काढ्याला किंवा दुकानातून आणलेल्या चार गोळ्यांना मिळते. रक्त थांबणे हा या रोगाचा स्वभावच आहे, बरे झाल्याची खूण नव्हे.

तपासणी पायरीपायरीने झाली. प्रथम लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बिटाने किंवा क्षयाच्या रिफॅम्पिसिन गोळीनेही लघवी लालसर होते. पण तांबड्या पेशी दिसल्या की ते रक्तच. संसर्ग आढळला तर औषध देऊन लघवी पुन्हा तपासतात. त्यांना संसर्ग नव्हता. भरल्या पोटी नव्हे, तर भरल्या मूत्राशयाने सोनोग्राफी झाली. येथे डॉक्टरांनी एक इशारा दिला. सोनोग्राफीत लहान गाठ किंवा अस्तरावर सपाट पसरलेला रोग निसटू शकतो. म्हणून ती निर्दोष आली तरी तपास संपत नाही. वरच्या मार्गासाठी, म्हणजे मूत्रपिंड आणि मूत्रवाहिन्यांसाठी, सिटी स्कॅन आणि मूत्राशयासाठी लघवीच्या मार्गाने घातलेली दुर्बीण, ही दोन्ही पाहावी लागतात. दुर्बिणीत बोराएवढी गाठ दिसली.

पोटावर चीर न देता, त्याच मार्गाने, ती खरवडून काढण्यात आली. तिच्यासोबत तळाचा थोडा स्नायूही तपासणीस पाठविला. कारण सारे भवितव्य रोग स्नायूत शिरला की नाही यावर अवलंबून असते. अहवाल आला: कर्करोग, पण स्नायूपर्यंत पोहोचलेला नाही. पोहोचला असता तर संपूर्ण मूत्राशय काढण्याची वेळ आली असती. नऊ महिने गेले होते. आणखी किती गेले असते तर ती रेषा ओलांडली गेली असती, हे कोणी सांगू शकत नाही.

पुढे सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, त्यांच्या मूत्राशयात बी.सी.जी. सोडण्यात आली. तान्ह्या बाळाला क्षयाविरुद्ध टोचतात तीच ही लस. १९७६ मध्ये मोरालेस यांनी तिचा हा उपयोग प्रथम दाखवून दिला. हा रोग पुन्हापुन्हा उगवणारा असल्यामुळे सुरुवातीस दर तीन महिन्यांनी दुर्बीण चुकवता येत नाही.

डॉक्टरांनी रंगखात्याविषयी का विचारले, तेही आम्हांला मागाहून उमगले. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. पुढे त्यामागची रसायने, बेंझिडीन आणि नॅप्थिलअमाइन, उघडकीस आली. रक्तातून ती मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन्‌तास साठून अस्तराला झोंबतात. रोग प्रकटायला तीस-चाळीस वर्षेही लागतात. याच कुळातील रसायने तंबाखूच्या धुरातही असतात. आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत दोष रंगाचा किती आणि विडीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. मात्र धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, यात संशय नाही.

लघवीतून रक्त गेलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो, हेही सांगितले पाहिजे. पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मूक खडा, मूत्रपिंडाचा दाह अशी कारणेही निघतात. पण पन्नाशी ओलांडलेल्यांत, वेदनेविना उघड रक्त गेले असता, साधारण पाच ते दहा जणांमागे एकाच्या तपासणीत कर्करोग सापडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणून तपास टाळणे योग्य नाही. गोळी रक्तस्राव वाढवते, पण गाठही उघड करते. बायकांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. रक्त लघवीचे की पाळीचे याचा घोळ होतो, वारंवार संसर्ग समजून गोळ्या दिल्या जातात आणि निदान लांबते. पाळी थांबल्यानंतर दिसलेले रक्त कोठून आले, हे तपासूनच ठरवावे.

तेव्हा लाल लघवी एकदाच झाली आणि थांबली, तरी तारीख लिहून ठेवावी, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ‘‘दुखत नव्हते’’ हे आवर्जून सांगावे. उन्हाळी जळजळते. जे जळजळत नाही, त्याला उन्हाळी म्हणू नये.