येऊन राहिला

माझ्या जुन्या वहीत एक चिठ्ठी आहे. वसतिगृहात फोन घेणाऱ्या माणसाने निळ्या शाईने लिहिलेली: 'वडील पुण्यात येऊन राहिले आहेत. पत्ता दिला नाही.' या एका ओळीमुळे माझे वडील पुणे स्टेशनच्या बाकावर पाच तास बसून होते. मी आयुष्यभर भाषेचा अभ्यास केला तो याच ओळीमुळे. पण त्याचं ऋण चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे जात नाही, ते माझ्या मोठ्या मायकडे जातं. मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मी तिच्याच हातचं खाल्लं आणि तिच्याच तोंडचं बोललो.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, म्हणजे खरा वऱ्हाड. आमची बोली दोन्ही काठांची. शाळेत पहिल्यांदा निबंध लिहिला तेव्हा 'मी अभ्यास करून राहिलो' या वाक्यावर लाल रेघ आली आणि वर 'करत आहे' असं लिहून मिळालं. घरी कोणीही 'करत आहे' म्हणत नव्हतं. पुढे पुण्याला शिकायला गेलो आणि तीन वर्षांत 'करून राहिलो' जिभेवर येण्याआधी गिळायला शिकलो.

१९९१ साली परीक्षेची फी भरायची होती आणि मनिऑर्डर पोहोचली नव्हती. वडील स्वतः पैसे घेऊन निघाले. त्यांना वाचता येत नव्हतं, डोळेही अधू झालेले. मोठ्या मायने त्यांना वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसवलं आणि स्टेशनबाहेरच्या एसटीडी बूथवरून वसतिगृहाला फोन लावला. ती म्हणाली, "त्याले सांगा, त्याचा बाप पुण्याले येऊन राहिला." पोरगा गाडीवर घ्यायला येईल, हे तिने गृहीत धरलं होतं.

फोन घेणाऱ्याने ते ऐकलं आणि चुका सुधारून लिहिलं. 'पुण्याले' चं 'पुण्यात' केलं, 'राहिला' ला आदरार्थी करून पुढे 'आहेत' जोडलं. वाक्य शुद्ध झालं आणि अर्थ उलटला. 'पुण्याले' मध्ये येण्याची दिशा होती, 'पुण्यात' मध्ये मुक्काम आला. आता वडील गाडीत नव्हते, ते कुणाकडे तरी उतरलेले होते. संध्याकाळी सात वाजता ती चिठ्ठी मी वाचली आणि मीही ती पुणेरी कानाने वाचली, हे मला आजही टोचतं. त्या रात्री हडपसरला एका नातेवाइकाकडे गेलो, स्टेशनजवळच्या दोन लॉजमध्ये विचारलं, एका धर्मशाळेत विचारलं. फलाटावर पाहावं हे सुचलं नाही, कारण येऊन राहिलेला माणूस फलाटावर कशाला असेल? दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा लॉज पाहायला म्हणून निघालो, तेव्हा स्टेशनात ते दिसले. मांडीवर तुरीच्या डाळीची पिशवी होती.

सुट्टीत घरी गेल्यावर मी मोठ्या मायवर चिडलो. "नीट बोलत जा ना," असं तिला म्हटलं. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "मी काय वाकडं बोलली? आला असता तं 'आला' म्हटलं असतं. राहाले आला असता तं 'राहाले आला' म्हटलं असतं. थो तं गाडीत होता. येऊन राहिला म्हणजे येऊन राहिला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने तीन वाक्यं शेजारी ठेवली होती आणि तिन्हींचे अर्थ वेगळे होते. आला: प्रवास संपला. राहाले आला: मुक्काम करण्यासाठी आला. येऊन राहिला: वाटेत आहे. तिच्या बोलीत गोंधळ नव्हता. गोंधळ ती वाक्यं दुसऱ्या बोलीच्या कानाने ऐकण्यात होता.

तेवढ्यात शेजारची काकी डोकावली आणि माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "आता कुठी हाय हा?" मोठी माय म्हणाली, "पुण्यालेच राहून राहिला."

राहून राहिला! हे मी लहानपणापासून हजारदा ऐकलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा थांबून ऐकलं. एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा आला होता. पहिला 'राहून' खरा, त्यात घर आहे, मुक्काम आहे. दुसऱ्या 'राहिला' मध्ये मुक्काम उरलेलाच नाही. त्याचं काम एवढंच सांगायचं की क्रिया अजून चालू आहे. दुसऱ्यातही मुक्काम असता, तर तो दोनदा सांगायची गरज पडली नसती. हिंदीतही अगदी हेच होतं: 'वह वर्धा में रह रहा है.'

पुढे डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात वाचताना या प्रकाराला नाव सापडलं. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ च्या लेखात त्याला व्याकरणीकरण म्हटलं होतं: स्वतःचा अर्थ असलेला शब्द हळूहळू पातळ होत जातो आणि व्याकरणाचा भाग बनतो. इंग्रजीत 'गोइंग टू' म्हणजे कुठेतरी जाणं, त्याचं 'मी हे करणार' झालं आणि बोलताना 'गॉना' उरलं. त्यातलं जाणं इतकं संपलं की 'मी गॉना नागपूर' असं कोणी म्हणत नाही. पुढे क्रियापदच लागतं. वाचताना मला मोठ्या मायचे तुरीच्या शेंगा सोलणारे हात दिसत होते. तिने ही गोष्ट न वाचता तीन वाक्यांत मांडली होती.

मग मी घरचीच वाक्यं तपासत गेलो. आधी 'बसून राहिला'. पुण्यातही हे म्हणतात, पण तिथे अर्थ 'उठला नाही, तसाच राहिला' असा असतो. जो बसून तसाच राहिला तो अजून बसलेलाच आहे. माझी समजूत अशी की इथेच अर्थाने कूस बदलली असावी: ऐकणाऱ्याचं लक्ष थांबण्यावरून 'अजून चालू आहे' याकडे वळलं. मग ते शेतातल्या कामाला लागलं: 'निंदून राहिली', 'कापूस वेचून राहिली'. शेवटी ते जिथे थांबण्याचा प्रश्नच येत नाही तिथेही पोहोचलं: 'गाडी धावून राहिली', 'पाऊस येऊन राहिला', 'पोट दुखून राहिलं'. पाऊस कुठे राहायला जातो? पोट कुठे मुक्काम करतं? असा प्रश्न पडेनासा झाला की समजावं, शब्दाचा मूळ अर्थ गेला आणि काम उरलं.

दुसरी खूण काळाची. 'राहिला' हे रूप भूतकाळाचं, पण 'तो येऊन राहिला' म्हटलं की अर्थ आत्ताचा. कालचं सांगायचं असेल तर 'येऊन राहिला होता' असं म्हणावं लागतं. तिसरी खूण मध्ये शब्द घालून पाहण्याची. 'नागपूरले जाऊन राहिला' म्हणजे निघालेला आहे. 'नागपूरले जाऊन चार दिवस राहिला' म्हणजे खरोखरच तिथे राहिला. मधल्या 'चार दिवस' ने जुना अर्थ परत येतो. दोन्ही अर्थ आजही एकाच गावात, एकाच तोंडात नांदतात, आणि बोलणाऱ्याला कधी अडखळायला होत नाही. फक्त 'असणे' ला हा 'राहिला' चिकटलेला मी अजून ऐकलेला नाही. 'असून राहिला' कोणी म्हणत नाही. उच्चारही झिजला आहे. लेकरं भराभर बोलताना 'करून रायलो' म्हणतात, 'हि' चा पत्ताच लागत नाही.

हे सगळं मांडताना मला पुण्यातला माझा खोलीसोबती आठवत होता. तो 'मी निघतोय' म्हणे, 'मी उद्या जाणारे' म्हणे. 'निघतोय' मध्ये 'निघतो आहे' दडलेलं आहे. त्यातल्या 'आहे' चा फक्त 'य' उरला. 'जाणारे' म्हणजे 'जाणार आहे'. तेही झिजणंच आहे, फक्त त्याच्या झिजण्यावर कधी लाल रेघ पडली नाही. आणि आमच्याच वर्ध्यात १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती हिंदी शिकवते. त्या हिंदीत 'कर रहा है' हा शुद्ध नियम आहे. हिंदीच्या पुस्तकात नियम असलेला तोच 'राह' मराठीच्या वहीत चूक ठरत होता. आमच्या 'करून राहिला' वर शेजारच्या हिंदीची छाया असू शकेल, असं मलाही वाटतं. पण छाया असली तरी माल आपलाच आहे: हिंदी नुसता धातू घेते, 'कर', आम्ही अस्सल मराठी 'ऊन' लावून 'करून' म्हणतो.

मी हे सारं मोठ्या मायला सांगायचा प्रयत्न केला. मेये यांचं नाव तिच्या कानावरून गेलं. एवढंच म्हणाली, "म्हणजे माहं बरोबर होतं." मी "हो" म्हटलं. त्या दिवशी तिच्या पायाला हात लावला, पण माफी मागायला जीभ वळली नाही.

बाकावरच्या त्या पाच तासांबद्दल वडील कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर मोठ्या मायनेच सांगितलं. गावी परतल्यावर त्यांनी तिला सांगितलं होतं की स्टेशनवरचा चहावाला दर तासाला येऊन विचारायचा, "बाबा, कोणाची वाट बघताय?" आणि अकरा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत, प्रत्येक वेळी, ते त्याला एकच सांगत होते: "पोरगा येऊन राहिला."