दिवाळीची साबणवडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे परभणीकडील घरांत उटण्यापाठोपाठ साबणाची नवी वडी निघते. ती घरी करून आप्तांस भेट द्यावयाची, तर घटस्थापनेलाच कामास लागावे. कारण साबण मुरावयास चार आठवडे लागतात.

खोबरेल 500 ग्रॅम, पाणी 180 ग्रॅम व कॉस्टिक सोडा 87 ग्रॅम, एवढेच साहित्य. सोडा काट्यावर तोलूनच घ्यावा. या मापात थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहते, म्हणजे सोडा उरत नाही. हा खाण्याचा सोडा नव्हे. तो कातडी जाळतो, डोळ्यांत गेल्यास दृष्टी घालवतो. त्याला हात लावावा तो मोठ्यांनीच. हातमोजे व डोळे झाकणारा चष्मा घालून, मोकळ्या हवेत. मुलांनी तेल तोलावे, साचे मांडावेत.

सोडा थोडा थोडा पाण्यात सोडावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. दोहोंच्या मिलनातून एवढी उष्णता निघते, की ते थोडे पाणी उकळून सोड्यासह अंगावर उसळते. भांडे स्टीलचे हवे. ॲल्युमिनियम सोडा खातो आणि पेट घेणारा वायू निघतो. शिंतोडा उडालाच, तर लिंबू न चोळता तो भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा व वैद्याकडे जावे.

द्रावण कोमट झाले, की कोमट तेलात ओतून, पिठल्यासारखे दाटेपर्यंत घोटावे आणि साच्यात ओतावे. खोबरेलाचा साबण लवकर कडक होतो. म्हणून वड्या त्याच दिवशी, हातमोजे घालूनच, कापाव्यात. महिन्याने वडीत पांढरे खडे वा ओलसर थेंब दिसले, तर सोडा तेलात मिसळलेला नाही. अशी वडी, तिला केवड्याचा वास का येईना, कोणास देऊ नये.