दीड फुटाचा सेकंद

अण्णा वेळ फुटांत मोजत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर सेकंदाला 24 चौकटी धावतात आणि एका फुटात 16 चौकटी मावतात, म्हणजे सेकंद दीड फुटाचा. माहितीपटांच्या संकलनात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आमच्या छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत ते निवृत्तीनंतर अधूनमधून यायचे, चहा घ्यायचे आणि समोर येईल तो स्टोरीबोर्ड वाचून द्यायचे. माझ्या हातून आज जे काही धड पार पडतं, त्यातलं बरंचसं त्या दुपारच्या बैठकांतलं आहे. त्यांतल्या एका बोर्डाबद्दल सांगतो, कारण मला जे शिकायचं होतं ते जवळपास सगळं त्यात निघालं.

विषय होता घरगुती जलसंजीवनी. मुलाला जुलाब लागले की आईनं घरच्या घरी पाणी, साखर, मीठ कसं कालवायचं हे 90 सेकंदांत सांगायचं. आमच्या चित्रकारानं बोर्ड सुंदर काढला होता. प्रत्येक चौकटीशेजारी निवेदन, पडद्यावर येणारा मजकूर म्हणजे सुपर, सेकंद आणि पुढच्या दृश्यात जायचं कसं, असे रकाने होते. सेकंदांची बेरीजही बरोबर 90 येत होती.

अण्णांनी बेरजेकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि स्वतः निवेदन मोठ्यानं वाचायला लागले. रेडिओवर वाचतात तसं नाही, समोर आजारी मूल घेऊन बाई बसली आहे असं समजून. चौकटीतली कृती चित्रात पुरी होईपर्यंत ते पान उलटत नसत. आईनं हंड्यातून पाणी घेतलं तर ते भांड्यात पडेपर्यंत थांबत. शेवटच्या पानाला घड्याळात 112 सेकंद झाले होते. बोर्डावरचे आकडे नेहमी असेच असतात. चित्रकार निवेदन मनातल्या मनात वाचतो, आणि मनातला आवाज श्वास घेत नाही.

जास्तीचे 22 सेकंद काढायचे कुठून? मी निवेदनात कात्री लावायला निघालो होतो. अण्णांनी पहिली चार पानं उचलून बाजूला ठेवली. सूर्योदय, कौलारू घरं, विहीर, बैलगाडी, सगळं मिळून 18 सेकंद. "गाव कुणाला दाखवतोस? बघणारी गावातच बसलीय." गावाला चार सेकंद उरले, आणि तिसऱ्या सेकंदाला मूल रडायला लागलं. उरलेले सेकंद निवेदनातली विशेषणं गाळून मिळाले. संथ वाटणारा बोर्ड सगळीकडून सारखा आवळायचा नसतो. जिथे बघणाऱ्याला आधीच ठाऊक आहे तिथे पळायचं आणि जिथे त्याला काही लक्षात ठेवायचं आहे तिथे थांबायचं, हे मी तिथे पाहिलं.

थांबायची जागा म्हणजे प्रमाण. नवव्या चौकटीत सुपर होता: 'एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ'. शब्द बारा, वेळ तीन सेकंद. "साडेचार फुटांत बारा शब्द? माणूस वाचणार आहे की फोटो काढणार आहे?" शिवाय अक्षरं हळूहळू उमटायला अर्धा सेकंद आणि विरायला अर्धा, म्हणजे वाचायला दोनच उरत होते. सुपरचा वेळ पूर्ण उमटल्यापासून विरायला लागेपर्यंतच धरायचा, हा हिशेब तोवर आमच्यापैकी कुणीच करत नव्हतं.

मग त्यांनी स्टुडिओत सफाईला येणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. "मावशी, अक्षर नीट आलंय का बघता जरा?" मावशींनी हात पदराला पुसले, ओळीखाली बोट धरलं आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. 'सपाट'पाशी अडखळल्या, मागे गेल्या, पुन्हा आल्या. अण्णांचं लक्ष बोटाकडे नव्हतं, माझ्या घड्याळाकडे होतं. अकरा सेकंद. आम्ही सगळे ती ओळ दोन सेकंदांत वाचत होतो, कारण ती आम्हीच लिहिली होती.

अकरा सेकंद एक ओळ पडद्यावर ठेवली तर चित्र मरतं. म्हणून ओळच फोडली. आधी '1 लिटर पाणी', त्याखाली 'साखर 6 चमचे', त्याखाली 'मीठ अर्धा चमचा'. प्रत्येक ओळ आली की पाच सेकंद तिच्या एकटीचे, आणि आलेली ओळ जात नाही. तिन्ही जमल्यावर निवेदन गप्प करून सहा सेकंद नुसतं थांबायचं. 'सपाट' हा शब्द काढून टाकला आणि चित्रात सुरीच्या पात्यानं चमच्यावरची साखर सपाट करताना दाखवली. मूळ बोर्डात प्रमाण पडद्यावर असतानाच निवेदन 'पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये' असं सांगत होतं. कान एकीकडे, डोळे दुसरीकडे. ते वाक्य चव बघण्याच्या स्वतंत्र दृश्यात नेलं.

मला सर्वांत पटलं ते पुढचं. साखरेच्या चमच्यावरून मिठाच्या चमच्यावर बोर्डात डिझॉल्व्ह होता: एक चित्र विरतं, त्यातूनच दुसरं उमटतं. कागदावर फार देखणं. अण्णांच्या काळी डिझॉल्व्ह लॅबकडून करून घ्यावा लागे, त्याचे पैसे पडत, म्हणून ते याबाबत मुळातच चिक्कू. पण इथे त्यांचा आक्षेप वेगळा होता. "पांढऱ्यातून पांढरं उगवतंय. साखर कुठे संपली आणि मीठ कुठे सुरू झालं?" सहा आणि अर्धा यांची अदलाबदल झाली तर ते पाणी बाळाला अपायच करेल. तिथे सरळ कट आला. मिठासाठी चिनी मातीची तपकिरी बरणी आली आणि चमचा पडद्याच्या दुसऱ्या बाजूनं आत आला.

याच्या अगदी उलट चूक शेवटाकडे होती. केलेलं पाणी 24 तासांनंतर टाकून द्यायचं, हे सांगायला आई भांडं झाकते आणि लगेच कट करून तेच भांडं मोरीत ओतते. बघणाऱ्याला वाटेल, केलं आणि टाकलं, मग केलं कशाला? कट म्हणजे तोच क्षण पुढे चालू. मधे रात्र गेली असेल तर ती दाखवायला हवी. तिथे अण्णांनी स्वतःहून सेकंदभराचा काळोख दिला आणि पुढच्या चौकटीत खिडकीतून ऊन आणलं. अख्ख्या बोर्डात कटशिवाय तेवढंच राहिलं.

एका बाबतीत मात्र माझं त्यांच्याशी जमलं नाही. संगीतानं लय सावरता येते हे ते मानतच नसत. आवाज बंद करून बोर्ड चालला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मला तो जरा कर्मठ वाटे. पुढे लोक फोनवर आवाज बंद ठेवूनच बघायला लागले, तेव्हा माझा मुद्दा आपोआप निकालात निघाला.

त्या कामाचं बिल अण्णांनी कधी पाठवलं नाही. मी पाकीट घेऊन गेलो तर म्हणाले, "मावशींना दे, टायमिंग त्यांनी काढलंय." मी दिलं. मावशींनी कशाचे म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर पाकीट कमरेला खोचत म्हणाल्या, "मग अक्षर मोठं करा म्हणावं त्यांना. तेवढंच राहिलंय." आम्ही केलं.