घासायचं, नुसतं विसळायचं नाही

दिघीत पाणी दिवसाआड येतं. सगळ्या पिंपरी-चिंचवडचीच २०१९ च्या नोव्हेंबरपासून ही तऱ्हा आहे, पण दिघीच्या चढउताराच्या गल्ल्यांतून फिरताना ती जास्त डोळ्यांत भरते. जिन्याखाली, संडासाच्या दाराशी, गच्चीवर, जिथे म्हणून हातभर जागा असेल तिथे पाणी भरून ठेवलेलं असतं. त्यात भोसरीच्या कारखान्यांतून निघालेले, दुसऱ्या हाताने विकत घेतलेले निळे ड्रम फार. मागच्या जन्मी त्यांत कुठलंसं रसायन होतं, याची खूण म्हणून अर्धवट खरवडलेलं लेबल अजून पोटावर असतं. शेजारी रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे आणि एखाद्या घरी गावाहून हौसेने आणलेला रांजण. पाऊस बाहेर धो धो पडत असतो आणि घरातली बाई उद्या पाण्याची पाळी आहे की परवा, हे बोटांवर मोजत असते.

एका गणपतीत तिथल्या एका मंडळाने मला डेंग्यूवर बोलायला बोलावलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेली. डास हा माझ्या रोजच्या ओळखीतला प्राणी. बोलायचं काय याची चिंता नव्हती, कुणाशी बोलायचं याची होती. दिघीच्या मांडवात कोण नसतं? जुने गाववाले पुढच्या खुर्च्यांवर. मग लष्कराच्या आवारांच्या आधाराने इथेच घर बांधून राहिलेले माजी सैनिक, ताठ बसणारे. मागे चाकण-भोसरीच्या शिफ्टवरून आलेली पोरं, बीड-लातूरकडच्या, जळगावकडच्या, अमरावतीकडच्या बाया, आणि खांबाला टेकून उभे बिहार-उत्तर प्रदेशातले भाडेकरू, ज्यांना मराठी समजते पण वळणावळणाने बोललेली समजत नाही. मंडळाच्या पोरांनी सोबत एक पत्रक हातात दिलं. म्हणाले, ‘मॅडम, हेच जरा समजावून सांगा.’

पत्रकात काही चूक नव्हती. आरोग्याच्या पत्रकांत असतं तसंच वाक्य होतं: डासोत्पत्ती टाळण्यासाठी पाणीसाठे आठवड्यातून किमान एकदा रिकामे करून स्वच्छ करण्यात यावेत. कागदावर हे वाक्य इस्त्रीच्या शर्टासारखं नीट दिसतं. लाउडस्पीकरवर ते टिकत नाही. वाचणाऱ्याला मागे जाता येतं, ऐकणाऱ्याला नाही. ‘डासोत्पत्ती’ फोडून समजेस्तोवर ‘पाणीसाठे’ निघून गेलेले असतात. आणि पाणीसाठा म्हटलं की कुणालाही पवना धरण आठवतं, जिन्याखालचा ड्रम आठवत नाही.

पण अवघड शब्द ही त्या वाक्याची छोटी अडचण. मोठी अडचण ‘स्वच्छ करण्यात यावेत’ या सोप्या दिसणाऱ्या शेवटात आहे, आणि ती कळायला डास माहीत असावा लागतो. डेंग्यूचा डास, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाउजेडी चावणारा, गटारात फारसा रमत नाही. त्याला आपण प्यायला भरतो तसं निवळ पाणी लागतं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या ओल्या भिंतीवर ती चिकटवते. खसखशीपेक्षा बारीक, काळी, डोळ्यांना सहसा न दिसणारी. ड्रम ओतून रिकामा केला, वरवर पाणी फिरवलं, तरी ती भिंतीवरच राहतात. वाळली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात, आणि उन्हाळी-पावसाळी उबेत आठ-दहा दिवसांत अळी, कोष, डास असा सगळा संसार पुरा होतो. म्हणून आठवडा. आठवड्याच्या आत भिंत खरवडून निघाली तर पिढी मोडते.

आता मराठी बाईच्या तोंडी भांड्याशी करायच्या कामांची क्रियापदं बघा. विसळणं वेगळं, धुणं वेगळं, घासणं वेगळं, खरवडणं वेगळं, खंगाळणं, पुसणं, पालथं घालणं सगळंच वेगळं. चहाचा कप विसळायचा असतो, दुधाचं पातेलं घासायचं असतं, करपलेलं खरवडायचं असतं. ही शिकवण सहा वर्षांच्या पोरीलाही मिळालेली असते. ‘स्वच्छ करणे’ या लिखित शब्दाने ही सगळी कामं एकाच पिशवीत कोंबली आणि नेमकं लागणारं काम त्यात हरवलं. पत्रक ऐकून ड्रम विसळणारी बाई सूचना तंतोतंत पाळत असते. डास तरीही होतात, आणि मग ती म्हणते, आम्ही तर सगळं करतो. खरंच करते. पुस्तकी मराठी जड असते ही तक्रार सगळेच करतात. मला ती पुष्कळदा ढिली वाटते.

म्हणून माझ्या बोलण्याचा कणा एकाच वाक्याचा ठरवला: ड्रम आतून काथ्याने घासायचा, नुसता विसळायचा नाही.

‘घासायचा’ हे रूपही मुद्दाम. ‘घासावा’ म्हटलं तर तो घासणार कोण, हे हवेतच राहतं. असली वाक्यं कुणाच्याच घरी जात नाहीत. ‘घासा’ म्हटलं तर चौथ्या रांगेतल्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या मावशींना मी हुकूम सोडला असं होतं. आपल्याकडे यामधली एक वाट आहे आणि ती आई-आज्यांनी फार वापरून गुळगुळीत केली आहे: आधी हात धुवायचे, मग जेवायला बसायचं. तिच्यात हुकूम आहे, पण हुकूम देणाराही त्यात येतो. टाचण लिहितानाही मी बोलण्याचीच रूपं धरली. ‘केले’, ‘असे’, ‘पाणी साठवलेले’ असं लिहून समोर धरलं की जीभ तसंच वाचते आणि तोंडातून बातम्या येऊ लागतात. म्हणून टाचण ‘केलं’, ‘असं’, ‘साठवलेलं’ असंच लिहिलं. एवढ्या अनुस्वारांनी निम्मं काम होतं.

नावांचा घोळ मात्र राहतोच. मी ज्याला पिंप म्हणते त्याला लातूरकडची बाई टिपाड म्हणते, कारखान्यातला पोरगा बॅरल म्हणतो. माझा मार्ग सरळ होता: मंडळाच्या पोरांना सांगून एक निळा ड्रम स्टेजवरच आणवला. हाताने दाखवता येतं तिथे शब्दांवर कशाला भांडायचं? डासाला मच्छर म्हटलं. तो शब्द बीडचा आणि बिहारचा दोघांचाही आहे. अळ्यांसाठी काचेच्या बरणीत जिवंत अळ्या नेल्या होत्या. ‘ह्या अळ्या’ म्हटल्यावर मागून आवाज आला, ‘हे तर पाण्यातले वळवळे.’ पुढे मीही वळवळेच म्हणत राहिले.

एक मोह मात्र टाळायचा असतो. शहरी वक्ता गर्दी पाहून एकदम ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘काय म्हंतो म्या’ असं बोलायला लागला की लोक हसतात, पण ते नाटकाला हसावं तसं. दुसऱ्याची बोली उसनी आणली की ती अंगावर उसनीच दिसते. वस्तूची नावं त्यांची घ्यावीत, वाक्यं आपल्या स्वतःच्या घरातली असावीत. मी पुण्याच्या पेठेतली, माझं ‘असू दे’ तिथलंच असणार.

एक शब्द मात्र मी टाचणातून आधीच काढला होता. मोहिमेत सांगतात ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’. समोर माजी सैनिक, महिन्याला कॅन्टीनचा कोटा उचलणारे. कोरडा दिवस म्हटलं की त्यांना काय आठवणार हे सांगायला नको, आणि हसण्यात पुढची तीन वाक्यं वाहून गेली असती. त्याऐवजी त्यांच्याच पाण्याच्या पाळीला सूचना बांधली. भरलेलं पाणी फेका, असं दिवसाआड पाणी येणाऱ्या माणसाला सांगणं म्हणजे त्याची थट्टा करणं. म्हणून म्हटलं: ज्या दिवशी नळ येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तळाशी राहिलेल्या पाण्यात धुणं, फरशी उरकायची, ड्रम आडवा करायचा, आतून घासायचा, पालथा घालायचा. आठवड्यातून एका पाळीला एवढं केलं की झालं. आठवड्याला तीन-चार पाळ्या येतात, त्यातली एकच. इथे मात्र मान हलताना दिसली, आणि मान हलणं ही टाळ्यांपेक्षा खात्रीची खूण.

लोकांच्या बोलीत सांगणं दिघीत नवीन म्हणावं, तर गीता मराठीत सांगणाऱ्या माउलींची पालखी ज्येष्ठात आळंदीहून पुण्याला याच रस्त्याने जाते. आणि माउलींच्याच काळाच्या आसपासची महानुभावांकडची एक आठवण आहे. केसोबास संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. ‘स्मृतिस्थळा’त हे नोंदलं आहे. मला त्यातलं आवडतं ते एवढंच, की त्यांच्या डोळ्यांसमोर सर्वसामान्य जनता वगैरे नव्हती, ठरावीक म्हाताऱ्या होत्या. मला चौथ्या रांगेतल्या मावशी दिसत होत्या.

रोजचा शब्द सगळीकडे चालतो, असं मात्र नाही. बोलणं संपल्यावर एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, भावाच्या पांढऱ्या पेशी वीस हजारांवर आल्या होत्या, मग रक्त चढवलं. किती झाल्या की चढवतात?’ गावोगाव प्लेटलेटला ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, आणि तो शब्द चुकीचा आहे. रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचा आकडा वेगळ्याच ओळीत असतो. पुस्तकातली ‘रक्तबिंबिका’ त्या रिपोर्टवर कुठेच नसते. अशा वेळी दोन्ही सोडून प्लेटलेटच म्हणायचं, कारण रात्री दोन वाजता भाऊ दवाखान्यात असताना त्याला कागदावर तोच शब्द शोधायचा असतो. नुसत्या आकड्यावरून चढवायचं की नाही हे ठरत नाही, ते डॉक्टर ठरवतात, एवढंच मी सांगितलं. आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणून आणखी एक: ‘ताप उतरला’ म्हणजे बरं झालं, असं आपण समजतो. डेंग्यूत जपायचे दिवस बहुतेकदा तिथूनच सुरू होतात, तिसऱ्यापासून सातव्या दिवसापर्यंत. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, जीव कासावीस झाला, तर वाट बघायची नाही. ‘अस्वस्थता’ म्हणून काय होतं ते कुणाला कळत नाही, ‘जीव कासावीस’ म्हटल्यावर लगेच कळतं. त्याने मोबाइलवर लिहून घेतलं.

सगळे उठल्यावर मावशी स्टेजपाशी आल्या, ड्रमच्या आत वाकून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘झाकण फुटलंय आमचं. ओढणी बांधली तर चालंल का?’ म्हटलं, चालेल, पण दुहेरी करून, सुतळीने गच्च बांधायची, आणि मधोमध झोळ पडून पाण्याला टेकता कामा नये.