जीवांचा ‘उपग्रह’: एका जैन सूत्राचा अर्थ

१/ जैन प्रतीकचिन्हाच्या तळाशी एक छोटे संस्कृत वाक्य असते. महावीरांच्या २५००व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने, १९७४-७५च्या सुमारास, हे चिन्ह सर्व पंथांनी स्वीकारले. वाक्यात पदे दोनच आहेत. पहिल्यात ‘परस्पर’ आणि ‘उपग्रह’ यांचा समास आहे, दुसरे म्हणजे ‘जीव’ शब्दाची षष्ठी. ‘जीव एकमेकांना साहाय्य करतात’ असा त्याचा अर्थ सहसा सांगितला जातो.

२/ हे वाक्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील आहे: अध्याय ५, सूत्र २१. दिगंबर परंपरा ग्रंथकाराला उमास्वामी म्हणते. दोन्ही परंपरांच्या पाठांत काही सूत्रे भिन्न असली, तरी हे सूत्र दोन्हींकडे आहे.

३/ नवल हे, की पाचवा अध्याय आचारधर्माचा नाही. त्याचा मुख्य विषय अजीव द्रव्ये हा आहे. कोणते द्रव्य इतरांच्या कोणत्या उपयोगी पडते, याची तेथे ओळीने मोजदाद होते. धर्मद्रव्य गतीला, अधर्मद्रव्य स्थितीला साहाय्य करते; आकाश जागा देते; पुद्गलापासून शरीर, वाणी, मन आणि श्वास मिळतात. त्यानंतर जीवांचा क्रम येतो आणि लगेच पुढे काळाचा.

४/ म्हणून ‘उपग्रह’ या शब्दापाशी थांबावे लागते. आजच्या मराठीत तो आकाशात फिरतो. येथे त्याचा अर्थ निमित्त होऊन केलेले साहाय्य असा आहे. पाणी माशाला ढकलत नाही, पण पाण्यावाचून मासा पोहू शकत नाही. धर्मद्रव्यासाठी जैन आचार्य हाच दृष्टांत देतात.

५/ पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत उदाहरणे दिली आहेत ती स्वामी-सेवक आणि गुरु-शिष्य यांची. स्वामी धन देतो, सेवक त्याचे हित साधतो आणि अहित टाळतो. गुरु उपदेश करतो, शिष्य त्यानुसार वागून गुरूला अनुकूल होतो. देणे दोन्ही बाजूंनी आहे, मात्र दोघांनी दिलेली वस्तू एकच नाही.

६/ पूज्यपाद आणखी एक बारकावा टिपतात. आधीच्याच सूत्रात ‘उपग्रह’ हा शब्द सुख, दुःख, जीवित आणि मरण यांच्यासंदर्भात आला होता. तोच येथे पुन्हा योजला, कारण जीव या चारही बाबतींत एकमेकांना निमित्त होतात. म्हणजे दुःख देणाराही या सूत्राबाहेर राहत नाही.

७/ आज हे वाक्य सहजीवनाचे आणि पर्यावरणाचे बोधवाक्य म्हणून वाचले जाते. तो अर्थ त्यातून निघू शकतो. परंतु मूळ सूत्र ‘साहाय्य करा’ अशी आज्ञा देत नाही. जीवांचे एकमेकांशी नाते कसे असते, एवढेच ते सांगते. कोणत्या निमित्ताचे कारण व्हायचे, हा प्रश्न अहिंसेचा. आणि व्रतांचा विचार ग्रंथात सातव्या अध्यायात येतो.