ताप उतरला, मग औषध कशाला? : पालकसभेतील एक तास

आमच्या मूल तालुक्यातल्या शाळेत कायमस्वरूपी नर्स नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा मुलांची तपासणी करायला येते. यंदा रोवणी आटोपल्यावर आम्ही पथकातल्या सिस्टरांना पालकसभेत बोलायची विनंती केली. विषय तसे नेहमीचेच, पण त्यांनी ते एका घशाच्या दुखण्यावरून समजावले. ते इतर शाळांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक आई म्हणाली, "बाई, ताप तं दोन दिवसांत उतरते. मंग दहा दिवस औषध काहून पाजाचं?"

सिस्टर म्हणाल्या, "ताई, प्रश्न बरोबर आहे. घसा दुखण्याची कारणं दोन. बहुतेक वेळा विषाणू असतो. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो. त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. दुसरं कारण स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. त्यात घसा एकदम दुखतो, ताप चढतो, गळ्याच्या गाठी सुजून दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात आणि खोकला बहुधा नसतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हे जास्त. या दुखण्याला डॉक्टर बहुतेकदा अमॉक्सिसिलिन दहा दिवस देतात."

आता दहाच दिवस का? ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण जिवाणू घशात शिल्लक असतो. त्याच्याशी लढता लढता काही मुलांचे शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. घसा दुखल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, धाप लागते. हाच संधिवाताचा ताप. त्यात झडप खराब झाली तर तो आजार जन्मभर राहू शकतो. पथक शाळेत मुलांची छाती तपासते, त्यामागे या हृदयरोगाचा शोध हेही एक कारण असते.

औषध अर्धवट राहते कुठे, हेही त्यांनी नेमके सांगितले. भुकटीच्या बाटलीत खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालतात. त्यानंतर ते औषध साधारण सातच दिवस टिकते. मुदत बाटलीवर लिहिलेली असते. म्हणजे दहा दिवसांसाठी दुसरी बाटली लागते, आणि मूल खेळायला लागल्यामुळे ती आणलीच जात नाही. उरलेले औषध पुढच्या वेळी किंवा धाकट्याला पाजू नये. घरचा चमचा न वापरता मापाच्या टोपणानेच औषध द्यावे. अंगावर पुरळ आले किंवा श्वासाला त्रास झाला, तर मात्र पुढचा डोस न देता लगेच दवाखाना गाठावा.

मग एक वडील म्हणाले, "सिस्टर, एक रोजी बुडवून जातो. डॉक्टरनं नुसती तापाची गोळी देली तं कसं करावं? म्हून मीच म्हणतो, कडक औषध द्या."

सभेत हसू उठले, पण सिस्टर हसल्या नाहीत. "भाऊ, तुमची रोजी मला कळते. पण गरज नसताना दिलेलं अँटिबायोटिक पोटातल्या जिवाणूंवर काम करते. कमजोर मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि वाढतात. ते शौचातून हातावर, हातावरून भाकरीवर, मग दुसऱ्याच्या पोटात. उद्या खरी गरज पडली तर तेच औषध चालणार नाही. म्हणून 'कडक द्या' म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. हे दुखणं विषाणूचं आहे की जिवाणूचं? कशानं आराम पडेल? कोणतं लक्षण दिसलं तर परत आणू?"

परत आणायची लक्षणेही त्यांनी लगेच सांगितली. ताप तीन दिवसांवर गेला, श्वास भरभर चालला, मूल पाणी पीत नाही किंवा सुस्त पडले, तर वाट पाहू नये. गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

हात धुण्याचा भाग शेवटी आला, आणि तोवर त्याचे कारण सगळ्यांना कळले होते. सिस्टरांनी एका पालकाच्या हाताला साबण लावून क्रम करून दाखवला: तळवे, हाताची मागची बाजू व बोटांच्या फटी, मूठ, अंगठा, नखे, मनगट. निदान वीस सेकंद चोळायचे, मग वाहत्या पाण्याखाली धुवायचे. बहुतेकांचे अंगठे आणि नखे राहून जातात. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी हे चुकवायचे नाही.

सभेनंतर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. पोषण आहाराआधी नळाजवळ जाळीच्या पिशवीत साबण टांगतो, म्हणजे तो मातीत पडत नाही. आणि एखादे मूल अँटिबायोटिक घेत असेल, तर वर्गशिक्षक वहीत शेवटच्या डोसची तारीख लिहून घेतात. मूल बरे होऊन शाळेत आले तरी त्या तारखेपर्यंत रोज विचारतात, "आज औषध घेतलं का?"