सायमनचा प्रश्न आणि माझे एक चुकीचे वाक्य

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मान्यता दिली. त्यानंतर काही महिने मला महाविद्यालयांतून व्याख्यानांची निमंत्रणे येत होती. सहा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून हे यंत्र नेमके काय करणार, असा प्रश्न सर्वत्र विचारला जाई. मी त्यावर एक ठरलेले उत्तर देत असे : ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो.’ सभागृहाला ते वाक्य आवडे, आणि मलाही.

एका व्याख्यानानंतर तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी थांबली. ‘‘सर, सगळी उत्तरे एकदम तपासली, तरी मोजमाप केल्यावर हाती एकच पडणार, आणि कोणते ते आपल्या हातात नाही. मग टोपीतून चिठ्ठी काढण्यापेक्षा वेगळे काय झाले?’’ मी काहीतरी बोललो. ते उत्तर नव्हते, हे तिला कळले आणि मलाही कळले.

खरे उत्तर डॅनियल सायमन यांच्या १९९४ च्या शोधनिबंधात आहे. तो मी पूर्वी वाचला होता, परंतु हाताने गणित करून पाहिले नव्हते. त्या रात्री केले.

सायमन यांचा प्रश्न असा. एक बंद पेटी आहे. तिला n बिटांचा अंक x द्यावा, ती f(x) हे मूल्य देते. आत काय चालते ते दिसत नाही, पण एक हमी आहे : कोणत्या तरी गुप्त अंक s साठी x आणि x ⊕ s या दोघांना पेटी एकच मूल्य देते आणि इतर कोणतेही दोन अंक मूल्याची भागीदारी करीत नाहीत. ⊕ म्हणजे एक्सऑर, बिटागणिक हातचा न घेता केलेली बेरीज : दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. हा s शोधायचा. n = ३ आणि s = 110 घेतले तर जोड्या अशा पडतात :

```
f(000) = f(110)
f(001) = f(111)
f(010) = f(100)
f(011) = f(101)
```

नेहमीच्या संगणकाला येथे एकच मार्ग आहे : वेगवेगळे x विचारत राहायचे आणि मूल्य जुळण्याची वाट पाहायची. जुळले की त्या दोन अंकांचे एक्सऑर म्हणजे s. पण जुळेपर्यंत हाती जवळजवळ काही लागत नाही. k प्रश्न विचारले आणि जुळणी झाली नाही, तर फार तर k(k−१)/२ एवढे अंक s च्या उमेदवारीतून बाद होतात; उमेदवार मात्र २ⁿ − १ असतात. म्हणून साधारण २ⁿᐟ² प्रश्नांखेरीज सुटका नाही. वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एका दिवशी येण्याचे जे गणित, तेच हे. n = १०० असेल तर सव्वाअकरा कोटी कोटी प्रश्न. कितीही चतुर कार्यक्रम लिहिला, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही, याला सिद्धता आहे.

क्वांटम संगणक प्रथम सर्व x चे समान अध्यारोपण तयार करतो आणि पेटीला एकदा विचारतो. मग f चे मूल्य मोजले, की x च्या नोंदीत फक्त एक जोडी उरते, समजा 010 आणि 100. दोन्ही अंक तेथे एकत्र आहेत, दोहोंचे एक्सऑर केले की s मिळेल! पण आता x मोजले तर दोहोंपैकी एकच दिसतो, आणि प्रयोग पुन्हा केला तर बहुधा दुसरीच जोडी येते. विद्यार्थिनीची शंका येथपर्यंत अक्षरशः खरी आहे. सगळी मूल्ये ‘तपासून’ झालेली आहेत आणि आपण टोपीतली चिठ्ठीच काढत आहोत.

फरक पडतो तो पुढच्या पायरीने. x मोजण्याआधी प्रत्येक क्युबिटवर हॅडामार्ड क्रिया करायची. त्यामुळे जोडीतला प्रत्येक अंक सर्व संभाव्य उत्तरांवर, म्हणजे प्रत्येक y वर, आपले योगदान पाठवतो, आणि त्याला अधिक किंवा उणे चिन्ह असते. x आणि y या दोहोंत ज्या जागी १ आहे अशा जागा सम असतील तर अधिक, विषम असतील तर उणे. आता y = 110 पाहा. 010 कडून उणे येते, 100 कडूनही उणे येते. योगदाने मिळून बळकट होतात. y = 100 पाहा. 010 कडून अधिक, 100 कडून उणे, बेरीज शून्य. हे उत्तर कधीच दिसणार नाही. आठही y तपासले तर 000, 001, 110 आणि 111 एवढेच उरतात, आणि जोडी कोणतीही आलेली असो, हेच चार उरतात. जोडी बदलल्याने फक्त सामाईक चिन्ह बदलते आणि मोजमापाला ते दिसत नाही. जोडी कोठे आहे ही निरुपयोगी माहिती पुसली गेली. तिच्या दोन टोकांतले अंतर तेवढे शिल्लक राहिले.

उरणाऱ्या प्रत्येक y चा s शी संबंध एकच : दोहोंत १ असलेल्या जागा सम संख्येने असतात. म्हणजे प्रत्येक फेरी s विषयी एक रेषीय समीकरण देते. 001 मिळाले तर s चा तिसरा बिट ०. 110 मिळाले तर पहिले दोन बिट समान. शून्य नसलेले s एकच उरते, 110. सर्वसाधारणपणे n − १ स्वतंत्र समीकरणे लागतात. काही फेऱ्या जुनेच सांगतात, पण दहा जादा घेतल्या तर अपयशाची शक्यता हजारात एकाहून कमी होते. n = १०० साठी १०९ फेऱ्या, आणि शेवटी साध्या संगणकावर समीकरणे सोडवायची.

प्रत्यक्षातील यंत्रात गोंगाट असतो आणि एखादे खोटे समीकरण घुसते. ते ओळखता येते : s शून्य नाही अशी हमी असताना n स्वतंत्र समीकरणे जमली, तर त्यांतले एक तरी नक्की खोटे. शिवाय मिळालेला s घालून f(000) आणि f(s) जुळतात का, हे दोन प्रश्नांत तपासता येते.

हे सर्व मी तिला लिहून पाठवले. तिने उलट विचारले, ‘‘पण अशी पेटी देणार कोण?’’ तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले. ही घातांकी तफावत पेटीला विचारलेल्या प्रश्नांच्या संख्येतली आहे. पेटीचे आतले मंडळ उघडून पाहता आले, तर वरची सिद्धता लागू होत नाही. क्वांटम संगणक सर्वच बाबतींत निर्विवाद श्रेष्ठ असल्याचे ती दाखवत नाही. पीटर शोर यांनी त्याच वर्षी हीच कल्पना एक्सऑरऐवजी नेहमीच्या बेरजेतील आवर्तनाकडे वळवली आणि संख्यांचे अवयव पाडले. तेथे पेटी नाही, पण नेहमीच्या संगणकाला ते जमणारच नाही याची सिद्धताही नाही.

सायमनच्या पेटीच्या जवळ जाणारे एक खरे उदाहरण मात्र आहे. इव्हन आणि मन्सूर यांचे सांकेतिकीकरण E(x) = P(x ⊕ k₁) ⊕ k₂ असे असते; P सर्वांना माहीत, k₁ व k₂ गुप्त. f(x) = E(x) ⊕ P(x) असे फलन घ्या. x च्या जागी x ⊕ k₁ घातले तर दोन्ही पदे जागा बदलतात आणि मूल्य तेच राहते. म्हणजे गुप्त किल्ली k₁ हीच लपलेली आवर्तने. कुवाकाडो आणि मोरी यांनी २०१२ साली हे दाखवले. अट एकच, आणि ती जबर आहे : किल्ली बाळगणाऱ्या यंत्राने हल्लेखोराच्या अध्यारोपित प्रश्नाला अध्यारोपित उत्तर दिले पाहिजे. आज वापरातले कोणतेही सामान्य उपकरण एका वेळी एकच x घेते आणि एकच मूल्य परत करते. त्याच्यापुढे सायमनची पद्धत पहिल्याच पायरीवर थांबते.